पुढच्या रविवारविषयी

सोलापूर, सोमवार

श्री. अनिकेत यांस,
स. न. वि. वि.

काल सिद्धेश्वर तलावाच्या काठी आपण भेटलो, तेव्हा मावशींनी सांगितल्याप्रमाणे तासाभरात उठायचे असे मी मनाशी ठरवून आले होते. प्रत्यक्षात आपण उठलो तेव्हा देवळातले दिवे लागूनही बराच वेळ झाला होता. स्थळ म्हणून भेटताना पगार, घर आणि गाव यांच्यापलीकडे सहसा कोणी जात नाही. तुम्ही मात्र माझ्या आजोबांच्या मागावर काय विणले जात असे ते विचारलेत, आणि चादरीपासून सुरू झालेले माझे बोलणे माग विकला त्या दिवसापर्यंत कसे पोहोचले ते मला कळलेच नाही. तो दिवस मी घराबाहेर कोणाला सांगितलेला नव्हता. तुम्ही तो ऐकून घेतलात आणि लगेच धीराचे शब्द सांगायला गेला नाहीत, याबद्दल मनापासून आभार.

म्हणून, मला तुम्हाला पुन्हा भेटायला आवडेल. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव ऐकले आहे, पण ते सोलापूरचे हे ठाऊक नव्हते, असे तुम्ही म्हणाला होता. 1910 साली ते इथेच जन्मले, 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. त्यांच्या इथल्या घराचे आता स्मारक झाले आहे. येत्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ते पाहावे आणि नंतर कुठेतरी कडक भाकरी, शेंगाचटणी असे साधे जेवण करावे, असे सुचवते. स्मारक उघडे असण्याची वेळ मी आधी विचारून घेईन.

रविवार सोयीचा नसेल तर दुसरा दिवस सांगा, आणि मनाचे अजून ठरले नसेल तर तेही मोकळेपणाने लिहा. या भेटीबद्दल मावशींना मी अजून काही बोललेले नाही.

आपली,
वैशाली

बुधवार

वैशाली यांस,
नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. उत्तराला दोन दिवस लागले, त्याबद्दल क्षमस्व. रविवारची भेट छान झाली. सध्या बँकेत मार्चअखेरची कामे अंगावर आहेत, नवीन शाखेत मीही अजून रुळतो आहे, त्यामुळे येत्या रविवारचे नक्की सांगता येत नाही. पुढे कधीतरी बघू. खानावळीचे तेवढे विचारून ठेवाल का?

अनिकेत

सोलापूर, गुरुवार

श्री. अनिकेत यांस,
सप्रेम नमस्कार.

उत्तर पाठवलेत, बरे वाटले. उशिराची क्षमा मागायचे काही कारण नव्हते. रविवारचा बेत आपण सोडून देऊ. आधीच्या पत्रात मी आनंद लपवला नव्हता, तेव्हा तुमचे उत्तर वाचून थोडा हिरमोड झाला हेही लपवत नाही. पण तो माझा मी सांभाळीन, त्यापोटी तुम्ही वेळ काढावा असे मला मुळीच वाटत नाही.

‘पुढे कधीतरी बघू’ याचा अर्थ कामाचा व्याप एवढाच असू शकतो, किंवा मनातून तितकेसे वाटत नाही असाही असू शकतो. यातले कोणते, हे मी विचारत नाही, आणि तुमच्या वाक्यातून माझ्या सोयीचा अर्थही काढत नाही. एप्रिल उजाडला की मी आठवण करणार नाही. तुम्हाला भेटावेसे वाटले तर दोन ओळी पाठवा, मला आनंद होईल. नाही पाठवल्यात तरी तलावाकाठची ती संध्याकाळ माझ्या दृष्टीने चांगलीच राहील.

खानावळीचे विचारले आहे. सात रस्त्याजवळ आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीच्या काकू घरगुती डबा देतात, ज्वारीची भाकरी रोज असते, आणि तिखट कमी हवे असल्यास पहिल्याच दिवशी सांगावे लागते. तुमची परवानगी असेल तर त्या बाई तुमच्या बँकेत निरोप देतील. डब्याचा आणि वरच्या मजकुराचा काही संबंध नाही. शब्द दिला होता, तो पाळते आहे.

मावशींनी काल विचारले. ‘भेट चांगली झाली, दोघांनाही घाई नाही, आणि त्यांच्या मार्चअखेरपर्यंत फोन करू नका,’ एवढेच मी सांगितले आहे. त्यांनी तरीही फोन केलाच, तर तुम्ही हेच सांगावे, म्हणजे आपल्या दोघांचे बोलणे एकच राहील.

आपली,
वैशाली