टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या पाहुण्यांसाठी घराची माहिती

आधी बटणांबद्दल. आपल्याकडे बटण खाली दाबले की चालू आणि वर केले की बंद. पुष्कळ देशांत याच्या उलट असते, त्यामुळे गिझर रात्रभर चालू राहतो. वीज 230 व्होल्टची आहे. अमेरिका किंवा जपानमधून आणलेला हेअर ड्रायर लावण्यापूर्वी त्यावर 100-240 लिहिले आहे का ते बघा. फक्त 100, 110 किंवा 120 लिहिले असेल तर तो जळेल. नुसत्या पिन बदलणाऱ्या अडॅप्टरने व्होल्टेज कमी होत नाही.

गिझर
टाकी 15 लिटरची आहे. बाथरूमबाहेरचे लाल दिव्याचे बटण खाली करा, 20 मिनिटे थांबा, मग बटण बंद करूनच अंघोळीला जा. आतले पाणी सुमारे 60 अंशांपर्यंत तापते, नुसते अंगावर घेतले तर भाजते. आधी गार नळ सोडा, मग गरम. गार पाणी मिसळून दोन बादल्या होतात. शॉवर घेतला तर पाचेक मिनिटे पुरते. दुसऱ्या माणसासाठी पुन्हा 20 मिनिटे धरा. पाणी तापत असताना गिझरखालच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडतात, ती गळती नव्हे. मात्र नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर बटण बंद करून लगेच तळमजल्यावर वॉचमनमामांना सांगा. नळाला पाणीच येत नसेल तर गिझर लावू नका.

इंडक्शन
शेगडी 2000 वॅटची आहे. गिझर आणि शेगडी एकाच 16 अँपिअरच्या एमसीबीवर असल्याने दोन्ही एकदम लावू नका. एमसीबी पडलीच तर एक उपकरण बंद करून दाराशेजारच्या पेटीतली दांडी वर करा. इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि पंखे चालतात.

तळाला चुंबक चिकटते तीच भांडी चालतात. ती खालच्या कप्प्यात ठेवली आहेत. ॲल्युमिनियमचे पातेले ठेवले की पडद्यावर E0 दिसते आणि शिटी वाजते. शेगडी बिघडलेली नसते. स्वयंपाक झाल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. काच भांड्यामुळे तापलेली असते.

पिण्याचे पाणी
नळाचे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते, त्यात बोअरचेही पाणी मिसळते. प्यायला, दात घासायला आणि बर्फाला फिल्टरचेच पाणी घ्या. फिल्टरचे बटण कायम चालू असू द्या, वीज नसली की नवे पाणी गाळले जात नाही. साठा 7 लिटरचा आहे, म्हणून रात्री एक तांब्या भरून ठेवा. बारीक नळीतून बादलीत पडणारे पाणी पिऊ नका, ते फरशी पुसायला वापरतो.

कचरा
यात चूक झाली तर गाडीवाले कचरा परत ठेवून जातात, आणि तो हाताने वेगळा करणाऱ्या माणसांना त्रास होतो. हिरवा डबा ओल्या कचऱ्याचा: साली, चहाचा चोथा, उरलेले अन्न. त्यात पिशवी घालू नका, तळाला वर्तमानपत्र घाला. निळ्यात कागद, बाटल्या, डबे. दुधाची पिशवी धुऊनच टाका. सॅनिटरी पॅड, डायपर, ब्लेड कागदात गुंडाळा, वर लाल पेनने फुली मारा आणि ते वेगळे द्या. टॉयलेटमध्ये काहीही टाकू नका. फुटलेली काच मामांच्या हातात सांगून द्या.

गाडी सकाळी साडेसातच्या सुमारास गाणे वाजवत येते. डबे रात्री बाहेर ठेवले तर कुत्री ओढतात.