बर्लिनच्या दुकानातील कोटाच्या लेबलाचा अनुवाद

वहिनी, तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रातील जर्मन मजकुरानुसार कोटाच्या वरच्या कापडात 70 टक्के ‘शूरवोल’, म्हणजे जुन्या कपड्यांतून पुन्हा न काढलेली, थेट मेंढीची कातरलेली लोकर आणि 30 टक्के पॉलिअमाइड, म्हणजेच नायलॉन आहे. ‘फुटर’ म्हणजे अस्तर, ते पूर्णपणे व्हिस्कोसचे आहे. पाण्याच्या टबावर फुली असल्याने कोट घरी धुता येणार नाही. वर्तुळातील ‘पी’ हे अक्षर ड्रायक्लीनिंग सुचवते. फुलीचा त्रिकोण ब्लीचला, तर चौकोनातील वर्तुळावरची फुली ड्रायरला मनाई करते. इस्त्रीतील एक ठिपका म्हणजे कमाल 110 अंश सेल्सिअस. दादरच्या पावसाळी दमट हवेत लोकरीला कसर लागते, एवढे ध्यानात घ्यावे; कापड मात्र मला खरोखर उत्तम वाटते.