गल्लीच्या ग्रुपसाठी पुराची सूचना

अण्णा,

दुपारचा फॉरवर्ड वाचला. "काकू, जरा छोटं करून द्या, ग्रुपवर टाकतो" म्हणालात, ते करून खाली दिलंय. पण आधी मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवते. निम्म्या गल्लीला तो आधीच पोचलाय, आणि "यातलं अमुक का गाळलं?" हे कुणीतरी विचारणारच. बहुधा खालच्या टोकाचे मामा.

*‼️ सांगलीकरांनो झोपू नका ‼️ अतिमहत्त्वाचे ‼️*
*आत्ताच कोयनेतून १ लाख टीएमसी पाणी सोडले आहे!!! सगळे दरवाजे १५ फुटांनी उघडले. माझ्या साडूचा मित्र धरणावर कामाला आहे त्याने स्वतः फोन करून सांगितले. वारणेचे पण सोडले. कर्नाटकने आल्मट्टीचे गेट मुद्दाम बंद केले आहेत त्यामुळे पाणी पुढे जाणारच नाही, उलटे फिरून सांगलीत घुसणार. आज रात्री १२ वाजता आयर्विनला ५२ फूट होणार. २०१९ विसरलात का??? टीव्हीवाले हे दाखवणार नाहीत. सर्वांनी गाड्या, कागदपत्रे, सोने, धान्य वर न्यावे. म्हाताऱ्या माणसांना आजच पाहुण्यांकडे सोडावे. ३ दिवस लाईट आणि पाणी बंद, पक्की बातमी. दुकाने ६ ला बंद होणार, दूध-ब्रेड घेऊन ठेवा. पुराचे पाणी तुरटी फिरवून पिले तरी चालते आमची आजी तेच करायची. मेन स्विच बंद करावा. शाळेत सोय केली आहे (कोणत्या ते नंतर कळवतो). मगरी गल्लीत शिरल्या आहेत, फोटो खाली 👇👇 लहान मुलांना बाहेर सोडू नका. नेते कुठे आहेत? मते मागायला येतात तेव्हा बघू. सांगलीवर प्रेम असेल तर ११ ग्रुपवर पाठवा. गणपती बाप्पा सांगलीला तार 🙏🙏*

यात तारीख कुठेच नाही. "आत्ताच" म्हणजे कधी, "आज रात्री" म्हणजे कुठली रात्र? हा मजकूर गेल्या वर्षीचा असला तरी तुम्हा-आम्हाला कळणार नाही. म्हणून आपल्या सूचनेत वार, तारीख, वेळ आणि सनसुद्धा घातलाय. सन नसला तर पुढच्या जुलैत आपलीच सूचना फिरत आपल्याकडे येईल.

एक लाख टीएमसीचं वाचून मी चहा खाली ठेवला. कोयना काठोकाठ भरली तरी १०५.२५ टीएमसी. एक लाख म्हणजे जवळजवळ साडेनऊशे कोयना! लिहिणाऱ्याला क्युसेक म्हणायचं असणार. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतंय ते, आणि टीएमसी म्हणजे एकूण साठा किती अब्ज घनफूट ते. ११,५७४ क्युसेकने अख्खे चोवीस तास सोडलं तर कुठे एक टीएमसी भरतं. मामांनी वाद घातला तर हे सांगा, नाहीतर राहू द्या. सूचनेत दोन्हीपैकी काहीच घातलं नाही. आपल्याला आयर्विन पुलावरची पातळीची पट्टी कळते, तेवढी पुरे.

वारणा सांगलीच्या खाली, हरिपूरला कृष्णेला मिळते. ती भरून आली की वरच्या पाण्याला तुंब बसतो हे खरं, पण त्यावरून आपण आज संध्याकाळी वेगळं काय करणार? आल्मट्टीचंही तसंच. तो वाद खोटा नाही, आपल्याकडे जाणती माणसं दोन्ही बाजूंनी भांडतात. पण तिथलं गेट आपल्या गल्लीतून कुणाला फिरवता येत नाही, म्हणून ते वाक्य गाळलं. नेत्यांचंही गाळलं. ते पाणी ओसरल्यावर हवं तेवढं बोला, मीही येते.

मगरीचा फोटो मोठा करून बघा. कृष्णेत मगरी आहेत, त्यात नवल नाही. पण फोटोतल्या दुकानाची पाटी गुजरातीत आहे.

तुरटीचं मात्र नुसतं गाळून भागणार नव्हतं, कारण ते कुणीतरी खरंच करेल. तुरटीने गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसतं, पण त्यातली घाण मरत नाही. पुराच्या पाण्यात ड्रेनेज मिसळलेलं असतं. म्हणून त्याच्या उलट एक ओळ सूचनेत घातली आहे.

आता खरं काय उरलं? गाड्या हलवा, कागद वर न्या, वयस्कर माणसांची सोय करा, मेन स्विच, शाळा. पाचही गोष्टी कामाच्या, पण पंचवीस वाक्यांत पुरलेल्या. चार वाजता महापालिकेची भोंग्याची गाडी आली तेव्हा मी गॅलरीत होते. शाळेचं त्यांनीही सांगितलं आणि कुठली तेही सांगितलं. लाईट-पाणी तीन दिवस बंद, असं काही ते बोलले नाहीत. पाच वाजता धाकट्याला पुलावर पाठवून पट्टीचा फोटो मागवला. ३६ फूट ४ इंच. एक वाजता ३५ फूट २ इंच होतं, म्हणजे चार तासांत १४ इंच. याच चालीने चाळीस व्हायला पहाटेचे साडेपाच वाजतील, पण हे माझं वहीतलं गणित. नदी गणिताप्रमाणे चढत नाही, म्हणून ते सूचनेत लिहिलं नाही. त्यावरून फक्त गाड्यांची वेळ ठरवली: रात्री नऊ. अंधारात, पावसात, झोपेतून उठून गाड्या काढायची वेळ नको.

ही सूचना. एवढीच टाका, वर-खाली काही जोडू नका.

*पाण्याची सूचना – फक्त आपल्या गल्लीसाठी*
*मंगळवार, २८ जुलै २०२६, संध्याकाळी ६*

*आयर्विन पुलाजवळ पाणी संध्याकाळी ५ वाजता ३६ फूट ४ इंच. वाढतंय. (इशारा ४० फूट, धोका ४५ फूट.)*

*आज रात्री ९ च्या आत, सगळ्यांनी:*
*१. दुचाकी, चारचाकी वरच्या चौकात नेऊन लावा. रस्त्याची उजवी बाजू मोकळी ठेवा, रुग्णवाहिकेला लागेल.*
*२. रेशनकार्ड, आधार, घराचे आणि बँकेचे कागद, रोजची औषधं प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवा.*
*३. पिण्याचं पाणी भरून ठेवा. पुराचं पाणी तुरटी फिरवून किंवा गाळून पिऊ नका.*

*खालच्या टोकाची आठ घरं: वयस्कर, आजारी, गरोदर बाया आणि लहान मुलं यांना आज रात्रीच हलवा. याच घरांतल्या बाकीच्यांनी पाणी ४० फूट झालं की निघायचं. नावेची वाट बघत थांबू नका. निघताना कोरड्या हाताने मेन स्विच बंद करा. मीटरपाशी पाणी आलं असेल तर हात लावू नका, १९१२ ला फोन करा. गाई-म्हशींची दावी सोडून जनावरं सोबत घ्या.*

*राहण्याची सोय: वरच्या चौकातली महापालिकेची शाळा, मागचं गेट. अंथरूण-पांघरूण आपलं आणा.*

*न्यायला माणूस किंवा गाडी हवी असेल त्यांनी इथे फक्त घराचा नंबर लिहा. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८.*

*पुढची पातळी रात्री ९ वाजता इथेच कळवू, फरक पडला नसला तरी. तोपर्यंत या ग्रुपवर दुसरं काही टाकू नका.*

*– अण्णा*

थोडं स्पष्टीकरण, तुमच्यापुरतं.

पहिल्या खर्ड्यात मी "घाबरून जाऊ नका, सतर्क राहा" असं लिहिलं होतं. मग वाटलं, सतर्क राहायचं म्हणजे बाईने नेमकं काय करायचं? खिडकीत उभं राहायचं? काढून टाकलं. घाबरू नका म्हटलं की माणूस आधी घाबरतो, तेही गेलं.

"फक्त आपल्या गल्लीसाठी" ही ओळ कुणाला तुसडी वाटेल, पण राहू द्या. आपली सूचना सांगलीवाडीला पोचली तर तिथली माणसं आपला चौक शोधत बसतील.

"नावेची वाट बघू नका" यावर धाकटा म्हणाला, फार कडक वाटतंय. मी त्याला ब्रह्मनाळची आठवण करून दिली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात माणसांसकट उलटलेली ती नाव. तेव्हा तो शाळेत होता, त्याला आठवत नव्हतं. आपल्याला आठवतं.

आठ घरांचं माझ्या मनाने लिहिलेलं नाही. मागे एका पुरात ४३ फुटांवर त्या आठ उंबऱ्यांना पाणी लागलं, नवव्या घराच्या पायरीला टेकून थांबलं. नवव्या घरी मीच राहते, पायरीवर खूण अजून आहे. चाळीसला निघा म्हटलंय ते त्यातले तीन फूट हातात ठेवून. मामा म्हणतील, २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं होतं, मग सगळ्या गल्लीलाच आत्ता हलवा. त्यांना सांगा, नऊच्या पातळीनंतर बघू. पातळी बदलली की सूचनाही बदलेल, आणि तेव्हा जुनी सूचना ग्रुपवरून काढून टाकायची, "सर्वांसाठी काढा" करून. दोन सूचना एकदम राहिल्या तर लोक सोयीची वाचतात.

नाव तुमचंच घातलं. काकूंचं नाव बघून लोक वाचतील, पण गाडी तुमच्या नावाने हलवतील.

आणि एक. खालच्या टोकाच्या आठ घरांपैकी तीन घरी मोबाईलवर वाचणारं कुणी नाही. दोघी म्हाताऱ्या आणि ते पंक्चरवाले, ज्यांना नंबरापलीकडे अक्षर लागत नाही. त्यांच्याकडे मी आत्ता जाऊन येते. दूध केंद्राच्या फळ्यावर लिहायला हा आणखी छोटा मजकूर. पोराला मोठ्या अक्षरात लिहायला सांगा आणि वर पत्रा धरा, खडू पावसात टिकत नाही:

*२८ जुलै, सं. ६. पाणी ३६ फूट ४ इंच, वाढतंय.*
*गाड्या रात्री ९ च्या आत वरच्या चौकात.*
*खालची ८ घरं: म्हातारे-पोरं आजच शाळेत, मागचं गेट. बाकीचे ४० फुटाला.*
*मदत: अण्णांचं घर. तातडी: ११२.*

रात्री नऊची पातळी घ्यायला धाकटा पुन्हा पुलावर जाईल, पण कठड्याजवळ जाणार नाही असं कबूल करून घेतलंय. पोलिसांनी पूल बंद केला तर प्रशासन जाहीर करतं तोच आकडा घेऊ आणि तसं लिहू.

एवढं वाचून झालं की आधी खाली उतरा अण्णा. तुमची स्कूटर अजून पिंपळाखालीच उभी आहे, आणि ती तिथे असेपर्यंत कुणी आपली गाडी हलवणार नाही.

– काकू