ओहोटीचा शब्द : कथेमागच्या जगाचं टिपण

मॅडम, कथा वेगळी जोडली आहे. हे टिपण तुम्ही मागितलं होतं तसं : जगाचे नियम काय आणि ते वाचकाला कुठे कळतात. कथा आधी वाचा, मग हे. उलट केलंत तर सगळी मजा जाईल.

जागा देवगड तालुक्यातलीच, विजयदुर्गच्या खाडीच्या आतल्या अंगाला. वाडी मात्र कल्पनेतली, तिला मी तरवाडी म्हटलंय. माणसं, जेवण, बोली, रेशनचं दुकान, सगळं खरं ठेवलं. बदललं ते एकच.

तरवाडीत ओहोटी चालू असताना, पाय पाण्यात असताना, मनात एखादं माणूस धरून शब्द उच्चारला, तर पाणी तो शब्द घेऊन त्या माणसापर्यंत जातं. खाडीत, समुद्रात, जिथे असेल तिथे. त्याच्या कानाशी तो शब्द ऐकू येतो. बदल्यात तो शब्द बोलणाऱ्याच्या जिभेवरून कायमचा उतरतो. ऐकला तर समजतो, मनात येतो, पण तोंडातून निघत नाही. भरतीत यातलं काही होत नाही. भरतीत माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून खुशाल भांडतात.

एवढंच जग. पहिल्या खर्ड्यात बोलणारे मासेही होते आणि कातळाखाली एक राज्य होतं. ते काढलं, कारण त्यांच्यासाठी कुणी काही किंमत मोजत नव्हतं. शब्द मोजावा लागतो, म्हणून तो राहिला.

नियम थेट सांगायचा नाही हे ठरलं होतं. म्हणून कथा अशी सुरू होते :

«सुकतीला बायका कालवं काढायला उतरल्या. उतरण्याआधी प्रत्येकीने गालात सुपारी धरली. मी पण धरली. कोयतीचे आवाज तेवढे येत होते, टक, टक. शेवंताकाकीचा अंगठा कापला, रक्त आलं, तिने डोळे मिटले आणि हात झटकला. वर वाळूत येऊन, पाय कोरडे करून, मग ती ओरडली.»

इथे वाचकाला वाटावं, असेल काहीतरी प्रथा. सुपारीचं कारण मी पुढची दोन पानं सांगतच नाही. पहिल्या पानावर आणखी एक गोष्ट ठेवली आहे, ती कुणाच्या लक्षात येऊ नये अशी माझी इच्छा आहे. आजी नातीला म्हणते, "गो बाय, दारातल्या माऊलीक पाणी घाल." कोकणातली म्हातारी असं बोलूच शकते. कुणी अडणार नाही.

दुसऱ्या पानावर पंगत. बाबलकाका पानावर आडवा हात धरून बसलेत आणि वाढणारी पोरं हसत हसत बोटांच्या फटीतून भात सोडतायत. काकांना "पुरे" म्हणता येत नाही. कुणासाठी तो शब्द त्यांनी पाण्यात दिला, हे कथेत येत नाही. मला माहीत आहे, पण सांगितलं तर ती त्यांची कथा होईल. या प्रसंगातून दोन गोष्टी साधतात : शब्द जातो, आणि हात मात्र आपलाच राहतो. दुसरी गोष्ट शेवटासाठी लागणार आहे.

तिसऱ्या पानावर शेवंताकाकी. तिने "दुखतं" हा शब्द मुद्दाम देऊन टाकला होता, दुखणं जाईल म्हणून. दुखणं गेलं नाही, फक्त डॉक्टरांना सांगता येईना. हा नियमाचा कडवट भाग, आणि तो तिच्याच तोंडून, चूल फुंकताना, दोन वाक्यांत येतो. "गेला तां सांगणा. दुखणा हयसरच आसा," असं म्हणायला तिला दुसरं नाम सापडलंय, क्रियापद नाही. इथे वर्गातल्या मैत्रिणीने मला पकडलं. "दुखणं" निघतं तर "दुखतं" का नाही? बरोबर होतं तिचं. मग ठरवलं, शब्द मुळासकट जातो, त्याची सगळी रूपं घेऊन. काकीचं वाक्य बदललं. आता ती "गेला तां सांगणा," म्हणते आणि पाठीवर हात ठेवून दाखवते. हे आधीपेक्षा बरं झालं.

मूळासकटचा नियम पक्का झाला तेव्हाच नातीचं नाव सुचलं. तुळसा.

म्हणजे आजी दारातल्या झाडाला "माऊली" का म्हणते ते आता कळलं असेल. नात स्वतःच कथा सांगते, म्हणून चौथ्या पानापर्यंत तिचं नाव येऊ न देणं जमलं. आजी तिला रोज वेगळं काहीतरी म्हणते, बाय, चेडवा, सोन्या, एकदा तर "गे पावसा". नातीला तो लाड वाटतो.

खरं कारण असं. ती तीन वर्षांची असताना खुंटाला बांधलेल्या होडीत जाऊन बसली आणि दोरी सुटली. आजी पाण्यात धावली आणि तिने नावाने हाक मारली. पोरीने कानाशी नाव ऐकलं, ती वळली आणि समोर आलेला तिवराचा फाटा तिने धरला. होडी गेली, पोर राहिली. नावही गेलं.

हा प्रसंग मी आधी गोकुळाष्टमीला ठेवला होता, संध्याकाळी, सगळे उत्सवाला गेलेत म्हणून. आजोबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "अष्टमीक भांग असता गो. होडी हालतली तरी?" त्यांच्याकडे जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, म्हणजे संध्याकाळी खाडी भरलेली, आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाण्याला ओढही कमी. माझं सगळं संकट तिथेच बसलं. मग आठ दिवस मागे आले, नारळी पौर्णिमेला. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी सव्वाअकराला भरती पुरी, त्यानंतर उधाणाची ओहोटी, ओढ जबरदस्त, आणि सगळा गाव नारळ घेऊन धक्क्यावर. अष्टमीपेक्षा हेच चांगलं. जादू माझी असली तरी पाणी चंद्राचंच आहे, त्यात मला हात घालता येत नाही.

याच हिशेबाने आणखी एक नियम मिळाला, तो मी ठरवलेला नाही : भांगात दिलेला शब्द खाडीच्या तोंडापर्यंतच पोचतो, उधाणात दिलेला बाहेर समुद्रात. म्हणून तरवाडीत माणसं महत्त्वाच्या शब्दासाठी पौर्णिमा-अमावास्येची वाट बघतात. कथेत हे एकाच ओळीत येतं, बाबलकाका कालनिर्णय उलटत असतात तेव्हा. बाकी भूगोल, कुठला ओहोळ कुठे मिळतो वगैरे, वहीत आहे. कथेत नाही.

शेवटचा प्रसंग दहा वर्षांनंतरच्या नारळी पौर्णिमेचा. आजी सहीच्या जागी अंगठा उठवते हे तिसऱ्या पानावर येऊन गेलंय. तिला लिहिता येत असतं तर दहा वर्षं गप्प का राहिली, हा प्रश्न तुम्ही विचारलाच असता. तुळसाला सगळं कळल्यावर ती आजीला खाजणात नेते आणि चिखलात बोटाने आपलं नाव लिहिते. आजी त्या रेघांवरून बोट फिरवते. पहिल्यांदा "तु"चा उकार उलट्या बाजूला जातो.

वेळ तपासली आहे. सव्वाअकरात सहा तास मिळवले की सव्वापाच, सुकती पुरी, चिखल उघडा. भरतीचं पाणी तिथवर यायला अजून थोडा अवकाश आहे, तेवढ्यात आजीचं तीनदा गिरवून होतं.