अर्ज: प्रतवारी व साठवण सहायक या पदासाठी

लातूर
6 मे 2025

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
शेतकरी उत्पादक कंपनी,
लामजना, ता. औसा, जि. लातूर

विषय: प्रतवारी व साठवण सहायक पदासाठी अर्ज

महोदय,
स. न. वि. वि.

लामजना ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेली आपली जाहिरात मी गेल्या रविवारी आईकडे आले असताना वाचली. बारावी विज्ञान किंवा कृषी पदविका, अनुभव असल्यास प्राधान्य, मासिक वेतन 17,000 रुपये, असे त्यात आहे. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. सोयाबीन तेल काढणाऱ्या कारखान्यात 22 वर्षे काम केले असून सध्या तेथे गुणवत्ता विभागाची प्रमुख आहे. माझ्या हाताखाली 14 माणसे आहेत आणि पगार 74,000 रुपये आहे. हा अर्ज वाचताना ‘ही बाई एवढ्या खालच्या जागेवर का येते आहे?’ हा प्रश्न आपल्याला पडणारच. म्हणून आधी त्याचेच उत्तर देते.

2003 साली मी केमिस्ट म्हणून लागले, तेव्हा माझी जागा काट्याजवळच्या छोट्या खोलीत होती. गाडी आली की पोत्यात परखी घालायची, नमुना चाळायचा, माती-काडी वेगळी करून तोलायची, ओलावा मोजायचा, डागी आणि फुटका दाणा निवडून काढायचा. दाणा दाताखाली धरला की त्यात किती ओल आहे याचा अंदाज येऊ लागला होता. यंत्राचा आकडा नंतर यायचा आणि बहुतेक वेळा जुळायचा. पुढे बढत्या मिळत गेल्या. त्या मी आनंदाने घेतल्या आणि त्यांतून पुष्कळ शिकले. पण गेली सात वर्षे माझा दिवस तक्ते, बैठका आणि तपासणी पथकांची उत्तरे यांत जातो. माझ्या टेबलावर येतो तो दाण्याचा आकडा. दाणा येत नाही.

हे एकच कारण असते, तर मी कारखान्यातच पुन्हा प्रयोगशाळा मागितली असती. खरे कारण एका शेतकऱ्याच्या बोलण्यात आहे. पावसाळी ऑक्टोबर होता. ते 22 कट्टे घेऊन आले होते. ओलावा 17 टक्के भरला आणि नियमाप्रमाणे मी घट लावली. ते भांडले नाहीत. पट्टी खिशात घालता घालता एवढेच म्हणाले, “ताई, ओल बरोबर मोजता तुम्ही. ती लागली कुठं, ते बघायला येकदा खळ्यावर या.” पुढच्या हंगामात मी खरोखरच चार दिवसांची रजा टाकून आमच्या भागातल्या राशी पाहत फिरले. कापलेल्या सोयाबीनची बनीम उघड्या जमिनीवर लावलेली, वरून ताडपत्री घट्ट, पण खालून ओल चढते आहे. पाऊस उघडला की मळणी यंत्रासाठी सगळ्यांची एकच घाई. यंत्रवाला एका दिवसात जास्त रास उरकावी म्हणून ड्रमचे फेरे वाढवतो आणि ओला दाणा चेपतो, वाळलेला फुटतो. दुसऱ्या दिवशी तेच कट्टे लातूरच्या मोंढ्यात. पैशाची नड असते. माल वाळवायला ना जागा असते, ना सवड.

कारखान्यात मी जे नुकसान इतकी वर्षे कागदावर नोंदवत होते, ते तिथे खळ्यावरच झालेले होते. फुटलेल्या आणि तापलेल्या दाण्याच्या तेलात आम्लता वाढते, ते शुद्ध करताना घट जास्त येते, म्हणून कारखाना भाव कापतो. त्यात कारखान्याचे चुकत नाही. पण काट्यावर उभे राहून मी त्या शेतकऱ्याला फक्त किती कापले तेवढे सांगू शकत होते. कापले जाऊ नये म्हणून काय करता येईल, हे सांगायची जागा दोन दिवस आधी असते, गावातल्या गोदामाच्या दारात. आपण काढलेले पद नेमके त्या दारातले आहे. म्हणून मला ते हवे आहे.

2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, पण खरेदीसाठी 12 टक्के ओलाव्याची अट होती. नोव्हेंबरात ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल झाली, तोवर कितीतरी जणांनी ओला माल मिळेल त्या भावाने देऊन टाकला होता. ज्याच्या मालाला गावातच तीन दिवस ऊन आणि चाळणी मिळाली असती, त्याला त्या सवलतीची वाट पाहावी लागली नसती. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवले, तर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. पण गोदामात टिकेल असा माल असला तरच त्याचा उपयोग. आपल्या सभासदांचा माल त्या पात्रतेचा करून ठेवणे हे मला या पदाचे मुख्य काम वाटते.

आता माझ्याकडून घडलेली एक चूकही सांगते, कारण प्रतवारीच्या जागेवर बसणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला ती माहीत असावी. 2012 च्या हंगामात आमचे ओलावा मापक यंत्र दीड दिवस दीड टक्का जास्त दाखवत होते. ओव्हनमध्ये नमुना वाळवून यंत्र पडताळून पाहण्याची जबाबदारी माझी होती. गर्दीच्या दिवसांत मी ते पुढे ढकलले होते. लक्षात आल्यावर मी स्वतः वरिष्ठांना सांगितले, सगळ्या पट्ट्या पुन्हा काढल्या आणि 37 शेतकऱ्यांची जादा कापलेली रक्कम परत करायला लावली. त्यातल्या कोणालाही यंत्र चुकल्याचे कळले नव्हते आणि कधी कळलेही नसते. तेव्हापासून हंगामात रोज सकाळी पहिली गाडी काट्यावर येण्याआधी पडताळणी, हा नियम मी मोडलेला नाही. आपल्याकडे ओव्हन नसेल, तर आठवड्यातून एकदा तेच नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घेता येतील. आणि प्रत्येक नमुन्यातला थोडा दाणा पिशवीत बांधून, चिठ्ठी लावून, माल विकला जाईपर्यंत ठेवीन. शेतकऱ्याला शंका आली, तर त्याच्यासमोर पुन्हा मोजता येईल.

मला काय येत नाही, तेही लिहिते. आपण साठ्याची नोंद ज्या मोबाइल ॲपवर ठेवता, ते मी वापरलेले नाही. बियाणे प्रमाणीकरणाची कागदपत्रे मला वाचून माहीत आहेत, हाताळलेली नाहीत. तूर आणि हरभरा यांची प्रतवारी मी केली आहे, पण सोयाबीनइतका हात त्यावर बसलेला नाही. या तिन्ही गोष्टी मला आपल्याकडच्या लोकांकडून शिकाव्या लागतील.

आपण वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान आहात, असे गावात कळले. मी 44 वर्षांची आहे. जुनी अधिकारी हाताखाली आली की पावलोपावली सल्ले देईल, ही धास्ती मी समजू शकते. मी स्वतः विभाग चालवला आहे, म्हणून अंतिम जबाबदारी ज्याची त्याला निर्णय घेता आला पाहिजे, हे मला कळते. एखादी गोष्ट चुकते आहे असे वाटले, तर ती मी आपल्याला एकदा, स्पष्ट आणि एकट्यात सांगेन. त्यानंतर आपण ठरवाल तसे काम होईल. मला पदनाम वाढवून नको आणि काही महिन्यांनी वरची जागा मिळेल या आशेने मी येत नाही.

पगाराबद्दल. 17,000 रुपये हा आकडा मी नीट पाहिला आहे आणि त्यात वाढ मागणार नाही. घराचे कर्ज डिसेंबरमध्ये फिटले. माझे पती जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत. मुलाचे तंत्रनिकेतनचे शेवटचे वर्ष आहे आणि त्याच्या फीची तजवीज झालेली आहे. आम्ही तिघांनी बसून खर्चाची वही मांडली, तेव्हाच मी हा अर्ज लिहायला घेतला. सहा महिन्यांत पैशासाठी सोडून जाईन, अशी भीती बाळगू नये. हवे असल्यास दोन हंगाम थांबण्याचे मी लेखी देते.

माझी आई लामजन्यात एकटी असते आणि आता तिला माझी गरज आहे, हेही खरे आहे. ते लपवले तर हा अर्ज अर्धाच प्रामाणिक राहील. पण फक्त तिच्यासाठी यायचे असते, तर नोकरी सोडून मी नुसती राहायला आले असते. मी तिच्याच घरात राहणार आहे, त्यामुळे हंगामात रात्री उशिरा गाडी आली तरी गोदामात पोचायला मला पायी काही मिनिटेच लागतील.

सध्याच्या नोकरीत माझा कोणाशीही वाद नाही. राजीनाम्याचा विचार मी वरिष्ठांना सांगितला आहे. माझ्याबद्दल आपण त्यांच्याकडे खुशाल चौकशी करावी. त्यांचा फोन क्रमांक बायोडेटात दिला आहे. एक महिन्याची सूचना द्यावी लागेल, म्हणजे निवड झाल्यास 16 जूनपासून रुजू होऊ शकते. तोपर्यंत पेरण्यांची धांदल सुरू झालेली असेल, याची मला कल्पना आहे.

म्हणून एक विनंती. सभासदांचे घरचे बियाणे तपासण्याचे दिवस आत्ताच आहेत. येत्या रविवारी, 11 मे रोजी, मी सकाळी गोदामात येऊ शकते. ज्यांनी फुले संगम किंवा एमएयूएस 612 चे बियाणे घरी राखले आहे, त्यांना मूठभर दाणे आणायला सांगावे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगांत शंभर दाणे मांडून, गुंडाळी करून ठेवू. आठवड्याने उघडून सशक्त कोंब मोजू. 70 किंवा त्याहून जास्त निघाले, तर पेरताना नेहमीइतके बियाणे पुरेल. त्याखाली असले, तर किती वाढवायचे किंवा ते पेरायचेच नाही, हे पाऊस पडण्याआधी कळेल. याचा मोबदला नको आणि माझी निवड होवो न होवो, हे काम करायला मी येईनच. त्या निमित्ताने माझे काम आपल्याला प्रत्यक्ष पाहता येईल आणि मुलाखतही तिथेच घेता येईल. गोणपाट आणि चाळण्या मी घेऊन येते. पाण्याची सोय तेवढी आपल्याकडे असावी.

कळावे,

आपली विश्वासू,
सविता बालाजी जाधव

सोबत:
1. बायोडेटा
2. पदवी प्रमाणपत्राची प्रत
3. अनुभवाचे प्रमाणपत्र