दोघे एकत्र येण्याची संभाव्यता: असमान संभाव्यतेच्या नमुन्यात प्रचरण कसे काढायचे?

असमान संभाव्यतेने, परत न ठेवता नमुना काढला की एकूण बेरजेचा अंदाज सोपा असतो. निवडलेल्या प्रत्येक घटकाची किंमत त्याच्या अंतर्भाव संभाव्यतेने भागायची आणि बेरीज करायची: T = Σ yᵢ/πᵢ. हॉर्विट्झ आणि थॉम्पसन यांनी 1952 मध्ये मांडलेला हा आकलक अनभिनत आहे आणि त्याला फक्त πᵢ लागतात. खरी कसोटी प्रचरणाच्या, म्हणजे व्हेरियन्सच्या, वेळी लागते. तिथे πᵢⱼ लागतात: i आणि j हे दोन्ही घटक एकाच नमुन्यात येण्याची संभाव्यता. πᵢ सारखेच असूनही πᵢⱼ वेगळे असू शकतात, आणि निवडीची पद्धत बदलली की तेच बदलतात.

चार घटक घेऊ, नमुना दोनाचा. सोयीसाठी zᵢ = yᵢ/πᵢ म्हणू.

```
i    1     2     3     4
π   0.2   0.4   0.6   0.8
y    3     5     9    14
z   15   12.5   15   17.5
```

खरी बेरीज 31. नमुना दोनाचाच असल्यामुळे πᵢⱼ म्हणजे थेट त्या जोडीची निवड-संभाव्यता. मी घेतलेल्या जोड्या अशा: 0.04 (1,2), 0.06 (1,3), 0.10 (1,4), 0.10 (2,3), 0.26 (2,4), 0.44 (3,4). एक तपासणी कधीही चुकवू नये: नमुन्याचा आकार n ठरलेला असेल, तर कोणत्याही i साठी इतर सर्व j वरची πᵢⱼ ची बेरीज (n−1)πᵢ यायला हवी. घटक 4 साठी 0.10 + 0.26 + 0.44 = 0.80. जमले.

प्रचरणाचे दोन आकलक प्रसिद्ध आहेत. पहिला हॉर्विट्झ-थॉम्पसन यांचा:

```
v1 = Σ(1−πᵢ)zᵢ² + 2Σ(i<j) [(πᵢⱼ−πᵢπⱼ)/πᵢⱼ] zᵢzⱼ
```

दुसरा 1953 मध्ये येट्स आणि ग्रंडी यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे ए. आर. सेन यांनी दिला. तो ठरलेल्या आकाराच्या नमुन्यासाठी आहे:

```
v2 = Σ(i<j) [(πᵢπⱼ−πᵢⱼ)/πᵢⱼ] (zᵢ−zⱼ)²
```

दुसऱ्यात फरकांचे वर्ग आहेत. y ही π च्या अगदी प्रमाणात असेल तर सगळे z सारखे होतात, T चे खरे प्रचरण शून्य होते आणि v2 सुद्धा प्रत्येक नमुन्यात शून्यच येतो. v1 ला ही शिस्त नाही. तो मोठमोठ्या संख्यांची वजाबाकी करतो आणि उरेल ते आपल्या हातात ठेवतो.

आता सहाही नमुने:

```
जोडी   πᵢⱼ     T       v1       v2
1,2   0.04   27.5   -101.25   6.25
1,3   0.06   30.0   -180.00   0.00
1,4   0.10   32.5    -73.75   3.75
2,3   0.10   27.5   -341.25   8.75
2,4   0.26   30.0     54.04   5.77
3,4   0.44   32.5    103.52   0.57
```

T ची संभाव्यतेने भारित सरासरी 31 आणि प्रचरण 0.14×12.25 + 0.32×1 + 0.54×2.25 = 3.25. दोन्ही स्तंभांची भारित सरासरीही 3.25 च येते. खात्री नसेल तर हाताने करून पाहा. म्हणजे दोघेही अनभिनत. पण v1 सहापैकी चार जोड्यांत, एकूण 0.30 संभाव्यतेने, ऋण निघतो. प्रमाण-त्रुटीसाठी वर्गमूळ काढायला गेलो तर तिथेच अडतो. बाकी वेळी तो 54 किंवा 103 सांगतो, खरे उत्तर 3.25 असताना. अनभिनत या शब्दावर विसंबून सूत्र निवडणारे इथे फसतात.

v2 ऋण न होण्याची खात्री मिळते ती प्रत्येक जोडीसाठी πᵢⱼ ≤ πᵢπⱼ असेल तेव्हा. आपल्या आराखड्यात ते सहाही ठिकाणी खरे आहे. सर्वात काठावरची जोडी (3,4): 0.44 विरुद्ध 0.48. ही अट आराखडा ठरवतानाच पाहावी लागते, नमुना हाती आल्यावर उपयोग नाही.

आणि πᵢⱼ शून्य असेल तर? तेच πᵢ ठेवून, घटक याच क्रमाने मांडून, पद्धतशीर निवड करू: संचयी बेरजा 0.2, 0.6, 1.2, 2.0 आणि 0 ते 1 मधला एकच यादृच्छिक आरंभ. फक्त तीन जोड्या शक्य होतात: (1,3) 0.2 ने, (2,4) 0.4 ने, (3,4) 0.4 ने. T चे प्रचरण 1.5 वर येते, म्हणजे आधीच्या निम्म्याहूनही कमी. पण (1,2), (1,4), (2,3) कधी एकत्र येतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या फरकांबद्दल नमुना काहीच सांगत नाही आणि प्रचरणाचा अनभिनत आकलक अस्तित्वातच नसतो. दामटून v2 वापरलाच, तर त्याची अपेक्षित किंमत (0.32−0.40)×25 + (0.48−0.40)×6.25 = −1.5 येते, (1,3) चा वाटा शून्य, कारण त्यांचे z सारखे. आकडा अचूक, चिन्ह उलटे. हा निव्वळ योगायोग आहे, पण वर्गात सांगायला मला फार आवडतो.