येत्या सणांच्या दिवसांसाठी शुभेच्छा

मंडळी, नमस्कार.

उद्या, गुरुवारी १९ मार्चला, गुढीपाडवा. शुक्रवारी दिवस आणि रात्र समान होतील आणि त्याबरोबर नवरोझ येईल. ईद शुक्रवारी की शनिवारी, ते चंद्र ठरवेल. ३१ तारखेला महावीर जयंती, १ एप्रिलच्या संध्याकाळी ज्यूंचा पेसाह सुरू होईल, ३ तारखेला गुड फ्रायडे आणि ५ तारखेला ईस्टर. काहींचा ईस्टर त्यानंतरच्या रविवारी, १२ तारखेला. पुढे १४ एप्रिलला बैसाखी आणि आंबेडकर जयंती, १ मे रोजी बुद्ध पौर्णिमा. यात कुणाचा एखादा दिवस राहून गेला असेल, तर मला जरूर सांगा. तो मला मनापासून जाणून घ्यायचा आहे.

ज्यांचा सण आहे त्यांना सणाच्या भरभरून शुभेच्छा. ज्यांचा यातला एकही सण नाही, त्यांनाही हे दिवस सुखाचे जावोत, घरच्यांबरोबर चार निवांत तास मिळोत. देवाला मानणारे, न मानणारे, अजून काही ठरवलं नाही असे, आणि ‘हे माझं मी बघेन’ म्हणणारे, अशा आपल्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यांसाठी हा निरोप आहे.

यंदाचा योग मला फार आवडला, म्हणून थोडं सांगते. गुरुवारी सकाळी अमावास्या संपते. त्याच अमावास्येनंतर पाडव्याचं वर्ष सुरू होतं आणि त्याच अमावास्येनंतरची पहिली कोर दिसली की ईद होते. पुढे २ एप्रिलला तोच चंद्र पूर्ण होईल. ती चैत्र पौर्णिमा. पेसाह त्याच पौर्णिमेच्या रात्री येतो आणि ईस्टरचा रविवारही त्याच पौर्णिमेवरून काढतात. वसंत ऋतूत दिवस-रात्र समान झाल्यावरची पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार, असा तो हिशेब आहे. रमजान आणि ईस्टरच्या आधीचा ख्रिस्ती उपासांचा काळ, लेंट, हेही यंदा फेब्रुवारीत जवळजवळ एकाच वेळी सुरू झाले. आपल्यापैकी काहीजण महिनाभर निरनिराळ्या कारणांनी उपास करत होते, आणि शेजारी बसणाऱ्यांना ते कळलंही नसेल.

दर वर्षी असं जुळून येत नाही. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, त्यामुळे ईद दर वर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकते आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येते. पंचांगात मात्र अधूनमधून अधिक महिना धरून ऋतूंशी मेळ राखतात. यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे वर्षाच्या उत्तरार्धातले बरेच सण उशिरा येतील. पाळ्या लावणाऱ्यांनी हे आत्ताच ध्यानात ठेवावं.

आता पाळ्यांचंच बोलते, कारण आपल्या कामात शुभेच्छा द्यायच्या तर त्या पाळीच्या तक्त्यातूनच द्याव्या लागतात. प्रयोगशाळा एकही दिवस बंद नसते. पहाटे कुणीतरी यंत्र सुरू करून नियंत्रण-नमुने लावतं, रात्री अतिदक्षता विभागातून आलेली नळी कुणीतरी लगेच फिरवायला ठेवतं. गेल्या महिन्यात मी रात्रपाळीला थोडा वेळ थांबले होते, तेव्हा एक गोष्ट पाहिली. सूर्य मावळायच्या सुमारास आपल्या एका तंत्रज्ञ सहकाऱ्याच्या हातातला ट्रे दुसरीने न बोलता आपल्याकडे ओढून घेतला, घड्याळाकडे पाहिलं आणि मानेनेच ‘जा’ म्हटलं. तो आतल्या खोलीत जाऊन उपास सोडून आला. तोवर चौदा नळ्यांवरची लेबलं तपासून झाली होती. याबद्दल दोघांपैकी कुणी मला काही सांगितलं नाही. मी आज लिहिते आहे ते त्या दोघांचं मनापासून कौतुक वाटलं म्हणून.

तसंच या महिन्यात सगळ्यांसाठी करायचं आहे. सुट्टी किंवा पाळीची अदलाबदल हवी असेल, तर रजिस्टरमध्ये तारीख लिहा. कारणाचा रकाना मी काढून टाकला आहे. कुणाला मशिदीत जायचं असेल, कुणाला चर्चमध्ये, गुरुद्वारात, देरासरात, विहारात, कुणाला आईला भेटायला, कुणाला नुसतंच झोपायचं असेल. कारण सांगावंसं वाटलं तर ऐकायला मला आवडेल, आणि नाही सांगितलं तरी सुट्टी तितकीच मिळेल. एकाच दिवशी जास्त जणांची नावं आली तर ज्याचा सण त्याला आधी, आणि बाकीच्यांच्या सुट्ट्या पुढच्या महिन्यात आधी. गेल्या मोठ्या सुट्टीला ज्यांनी आपली रात्र दुसऱ्यासाठी दिली, त्यांना या वेळी आधी निवडायला मिळेल. ही गोष्ट मी विसरणार नाही.

एक विनंतीही आहे. नाव, आडनाव, गावाकडचं बोलणं किंवा कपाळावरची टिकली पाहून कुणाचा कोणता सण, हे आपण गृहीत धरू नये. एकाच धर्माची दोन घरं एकच सण दोन तऱ्हांनी पाळतात, काही पाळतच नाहीत. काहींच्या घरी या वर्षी कुणी गेलं आहे आणि त्यांना सण नको आहेत. ‘तुमचा सण कसा झाला?’ ऐवजी ‘सुट्टी कशी गेली?’ असं विचारलं की समोरच्याला हवं तेवढं सांगता येतं, आणि सांगायचं असेल तर तो आपणहून भरपूर सांगतो. कुणी उपास करतंय म्हणून त्याला आग्रह नको आणि कुणी करत नाही म्हणून चौकशीही नको. वर्गणी जमली तर ती देणाऱ्याच्या खुशीची. कोण देत नाही याची यादी होणार नाही.

शनिवारी दुपारी दोन वाजता पाळी बदलताना आपण सगळे विश्रांतीच्या खोलीत दहा मिनिटं जमू. पूजा, प्रार्थना, भाषण असं काही नाही. ज्यांना आपल्या सणाबद्दल दोन शब्द बोलायचे असतील त्यांनी बोलावं, ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी ऐकावं, आणि ज्यांना घरी लवकर पोचायचं असेल त्यांनी खुशाल निघावं. नोंदणीच्या खिडकीवर, नमुने गोळा करायला आणि साफसफाईला असणाऱ्या सगळ्यांना माझं हेच बोलावणं आहे. शनिवारी त्या वेळी खिडकीवर मी स्वतः बसेन, म्हणजे तिथल्या दोघांनाही येता येईल.

गेलं वर्ष जड गेलं. दोन यंत्रं वारंवार बंद पडली, माणसं कमी होती, तरी तातडीचे रिपोर्ट तुम्ही थांबू दिले नाहीत. ज्यांनी हे केलं त्यांच्या घरी पुढचे दिवस आनंदाचे यावेत असं मला फार मनापासून वाटतं. लांब राहणाऱ्या मुलांचे फोन येवोत, आजारी माणसांना उतार पडो, अडकलेली कामं सुटोत. ज्यांना या दिवसांत कुणाची आठवण येऊन रडू येणार असेल, त्यांनी माझ्या खोलीचं दार न ठोठावता आत यावं.

पाडव्याच्या, नवरोझच्या, ईदच्या, महावीर जयंतीच्या, पेसाहच्या, ईस्टरच्या, बैसाखीच्या, आंबेडकर जयंतीच्या, बुद्ध पौर्णिमेच्या आणि ज्यांचा कोणताच सण नाही त्यांना येत्या प्रत्येक साध्या दिवसाच्या मनापासून शुभेच्छा. गुड फ्रायडे पाळणाऱ्यांना तो दिवस शांतपणे घालवता यावा, हीच माझी इच्छा.

रजिस्टर आतल्या टेबलावर आहे. पुढच्या बुधवारपर्यंत तारखा लिहा.

तुमची,
सकाळच्या पाळीची प्रमुख, प्रयोगशाळा
बुधवार, १८ मार्च २०२६